वाक्य तोडायचं कुठे? बोलायला आणि पडद्यावर वाचायला एकच संहिता

एका आरोग्यविषयक व्हिडिओची संहिता मी लिहिली होती. त्यात एक वाक्य होतं: "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध लहान मुलांना द्यायचं नाही." ऐकायला त्यात काहीच चूक नाही. निवेदकानं ते छान वाचलं. मग व्हिडिओ उभ्या आकारात, मोबाइलसाठी तयार झाला आणि सबटायटल सॉफ्टवेअरनं आपोआप बसवले. पडद्यावर आधी हे आलं:

```
डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय
हे औषध लहान मुलांना द्यायचं
```

आणि अडीच-तीन सेकंदांनी, दुसऱ्या खेपेला, एकटंच "नाही."

आवाज बंद ठेवून पाहणाऱ्या माणसानं तेवढा वेळ नेमका उलटा सल्ला वाचला. सॉफ्टवेअरकडून नियमाचा भंग झाला नव्हता. ओळीची मर्यादा २८ चिन्हांची होती, पहिली ओळ २६ ची, दुसरी २७ ची. "नाही"ला जागा उरली नाही, म्हणून ते पुढे ढकललं गेलं. खरी चूक माझीच होती, कारण वाक्य कुठे तुटू शकतं याचा विचार न करता मी ते लिहिलं होतं.

त्या दिवसापासून मी संहिता लिहितानाच ओळी तोडतो. म्हणजे निवेदकासाठी एक कागद आणि सबटायटलसाठी दुसरा, असं न करता एकच मजकूर असा लिहायचा, की ओळ जिथे संपते तिथे बोलणाऱ्याचा श्वासही संपावा आणि वाचणाऱ्याचा अर्थही. हे कसं करायचं आणि मराठीत त्याचे खाचखळगे कुठे आहेत, ते इथे सांगतो.

## पाटी किती मोठी आणि किती वेळ

पडद्यावर एका वेळी जो मजकूर दिसतो आणि मग एकदम जातो, त्याला मी या लेखात 'पाटी' म्हणणार आहे. पाटी एका किंवा दोन ओळींची असते. तीन ओळी झाल्या की चित्र झाकलं जातं आणि डोळा वर-खाली धावू लागतो, म्हणून व्यावसायिक काम सहसा दोनवर थांबतं.

वेळेचीही हद्द असते. नेटफ्लिक्सच्या सार्वजनिक नियमावलीत एक पाटी कमीत कमी सेकंदाचा पाच षष्ठांश भाग आणि जास्तीत जास्त ७ सेकंद राहावी असं म्हटलं आहे. त्याहून कमी वेळ राहिली तर ती नुसती लुकलुकते, आणि फार वेळ राहिली तर माणूस तीच पाटी पुन्हा वाचायला लागतो. दूरचित्रवाणीच्या काळापासून चालत आलेला आणखी एक ढोबळ हिशेब आहे: दोन भरलेल्या ओळी वाचायला साधारण ६ सेकंद.

आता संहिता लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं काय? दुसऱ्या भाषेतल्या संवादाचं भाषांतर करणारा माणूस मजकूर आखडता घेऊ शकतो, कारण प्रेक्षकाला मूळ शब्द कळत नसतात. आपल्या बाबतीत आवाजही मराठी आणि पाटीही मराठी. आवाजात एक आणि पाटीवर दुसरंच आलं तर दोन्ही समजणाऱ्या प्रेक्षकाला ते लगेच खुपतं. त्यामुळे नंतर काटछाट करायला फारसा वाव नसतो. पाटी जितका वेळ बोललं जातं तितकाच वेळ राहणार, आणि जे बोललं जातं तेच तीत येणार. मग जी काही सोय करायची ती लिहितानाच करावी लागते.

## मोजायचं काय: संगणकाचं अक्षर की डोळ्याचं?

ओळीच्या लांबीसाठी तुम्ही ४२ हा आकडा ऐकला असेल. इंग्रजी सबटायटलमध्ये एका ओळीत जास्तीत जास्त ४२ चिन्हं, असा तो संकेत आहे. तोच आकडा मराठीला लावताना एक गफलत होते, कारण संगणक देवनागरी मोजतो ती आपल्यासारखी मोजत नाही.

```python
len("स्त्री")   # 6
```

आपल्या डोळ्याला 'स्त्री' हे एकच अक्षर आहे. संगणकाला त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई अशा सहा वस्तू दिसतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं तो वेगळं मोजतो. म्हणून संगणकाच्या हिशेबानं ४१ भरणारी मराठी ओळ डोळ्याच्या हिशेबानं २० अक्षरांच्या आतच असू शकते. याचं उदाहरण पुढे येणारच आहे.

सॉफ्टवेअरमधली मर्यादा संगणकाच्या मोजणीनं चालते, त्यामुळे ती माहीत हवीच. पण लिहिताना मी बोटांवर अक्षरं मोजतो, कवितेचे चरण मोजावेत तशी: जोडाक्षर एक, मात्रेसकट अक्षर एक. आडव्या पडद्यासाठी ओळीला १५ ते १८ अक्षरं मला सोयीची वाटतात, उभ्यासाठी १० ते १२. हा माझा अंदाज आहे, कुणाचा नियम नाही. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे असतात, म्हणजे २२ अक्षरांत चार थांबे. छोट्या तुकड्यांत बोलायची आपल्या भाषेला चांगली सवय आहे. ती लेख लिहिताना सुटते.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. हे काम संकलकाचं, पण चाचणीची पाटी बघताना 'दुरून' आणि 'मोठ्यांनी' असे शब्द एकाखाली एक घालून पाहावेत.

## इंग्रजीतला नियम मराठीत उलटा पडतो

ओळ कुठे तोडावी याचे प्रसिद्ध नियम मुळात इंग्रजीसारख्या भाषांसाठी लिहिलेले आहेत. विरामचिन्हानंतर तोडा, उभयान्वयी अव्ययाच्या आधी तोडा, 'ऑन', 'इन', 'विथ' अशा शब्दांच्या आधी तोडा. पहिला नियम मराठीत तसाच चालतो. तिसरा चालतच नाही, कारण आपल्याकडे ते शब्द नामाच्या मागून येतात: टेबलावर, घरासमोर, त्याच्याबरोबर. आपल्याकडे तोडायचं ते अशा शब्दाच्या नंतर. त्याच्या आधी तोडलं तर नाम एका ओळीवर आणि त्याचं शेपूट दुसऱ्या ओळीवर जातं. जोडून लिहिलं तर सॉफ्टवेअरला ते तोडता येत नाही. पण 'सूर्याच्या भोवती' किंवा 'त्याच्या मते' असं सुटं लिहिलं, की ते बेलाशक मधोमध कापतं.

यावरून मराठीसाठी एक सोपी खूण मिळते. पानाची उजवी कड वरून खाली नुसती बघत जा. ओळीच्या शेवटी 'च्या' दिसला, किंवा चा-ची-चे-चं दिसलं, की थांबा. 'चंद्राच्या' म्हटल्यावर कान पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. काय चंद्राच्या? तिथे ओळ संपली तर वाचकाचं एक पाऊल अधांतरी राहतं. विशेषणाचं आणि संख्येचंही तसंच: 'मोठ्या' वर ओळ संपू नये, 'तीन' वर संपू नये, माणसाच्या पहिल्या नावावरही संपू नये.

मग डावी कड बघा. ओळीच्या सुरुवातीला 'आहे', 'नाही', 'होतं', 'लागले', 'टाकलं' असे शब्द दिसले तर वरच्या ओळीतलं क्रियापद अर्धवट तुटलं आहे. 'दिवे बंद होऊ' आणि खाली 'लागले' यांतून काहीच साधत नाही. 'सांगून ठेवलं', 'करून टाकलं' ही जोडगोळी एकाच ओळीत राहिली पाहिजे.

यातही गंभीर दोष एकच: 'नाही' पुढच्या पाटीत जाणं. बाकीचे तुटलेले तुकडे वाचकाला अडखळवतात, पण हा तुकडा त्याला खोटं सांगतो. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो आणि टोकच आधी कापलं जातं. त्यामुळे नकाराचं वाक्य जितकं लांब, तितका धोका मोठा. यावर उपाय दोन आहेत. वाक्य इतकं आखूड करायचं की ते एका पाटीत मावेल, किंवा नकार आधीच्या शब्दात मुरवायचा: 'टाळा', 'नको', 'देऊ नका', 'शिवाय', 'कधीच'. सुरुवातीचं वाक्य मी नंतर असं केलं:

```
हे औषध लहान मुलांना
स्वतःच्या मनानं देऊ नका.

आधी डॉक्टरांना विचारा.
```

'कधीच' आणि 'मुळीच' यांचा एक जास्तीचा फायदा असा, की ते क्रियापदाच्या बरेच आधी येतात आणि नकार येतो आहे हे वाचकाला आगाऊ सांगतात.

## दोन तोंडांचे शब्द

'उभयान्वयी अव्ययाच्या आधी तोडा' हा नियम मराठीत अर्धाच खरा आहे. 'आणि', 'किंवा', 'कारण', 'पण' हे शब्द खालच्या ओळीच्या सुरुवातीला शोभतात. पण काही शब्द मागच्या वाक्याला चिकटतात, आणि काहींना तर दोन्हीकडे तोंडं आहेत. ती ओळखायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, मोठ्यानं वाचलं की पुरतं.

'पण' घ्या. 'तो आला / पण बोलला नाही' इथे 'पण' खालच्या ओळीत हवं. 'तो पण / बोलला नाही' इथे त्याचा अर्थ 'सुद्धा' आहे, म्हणून ते वर हवं. हेच तोडताना चुकलं आणि खालची ओळ 'पण बोलला नाही' अशी झाली, तर 'तोसुद्धा'चा 'परंतु' होऊन बसतो.

'म्हणून'चंही असंच. 'उशीर होईल म्हणून / तो लवकर निघाला' यात 'म्हणून' वरच्या ओळीचा आहे; त्याला खाली ओढलं तर वरची ओळ 'उशीर होईल' असं ठाम भाकीत करून बसते. मात्र आधीचं वाक्य पूर्ण होऊन त्यातून निष्कर्ष निघत असेल, तर 'म्हणून'नं नवी ओळ, किंबहुना नवी पाटी सुरू व्हावी.

'तर' हा 'नाही'चाच भाऊ. 'वेळ मिळाला तर / येतो' हे ठीक. 'वेळ मिळाला / तर येतो' असं तुटलं की वरची ओळ वेळ मिळाल्याची बातमी देते आणि खालची ती मागे घेते. दोन वेगळ्या पाट्यांत हे घडलं तर आणखी वाईट.

आणि 'की'. इंग्रजीच्या नियमानं ते खाली जायला हवं. पण 'मला वाटलं की' असं म्हणूनच आपण थांबतो, 'मला वाटलं' म्हणून थांबत नाही. श्वास 'की'नंतर आहे, म्हणून ओळही 'की'नंतर. यावर दुमत होऊ शकतं. कुणाच्या बोलण्यात थांबा आधी येत असेल तर त्यानं त्याच्या आवाजाचं ऐकावं.

## एक वाक्य सोडवून पाहू

समजा, चंद्राविषयी एक छोटा व्हिडिओ आहे आणि संहितेत हे वाक्य आहे:

"चंद्राच्या पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या मागच्या बाजूचे पहिले छायाचित्र १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना ३ या यानाने पाठवले."

लेखात हे वाक्य खपून जाईल. ४२ ची मर्यादा लावून सॉफ्टवेअरला दिलं तर असं तुटतं:

```
चंद्राच्या पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या
मागच्या बाजूचे पहिले छायाचित्र १९५९ मध्ये

सोव्हिएत संघाच्या लूना ३ या यानाने पाठवले.
```

संगणकाच्या मोजणीनं या ओळी ३९, ४१ आणि ४२ च्या आहेत. सगळ्या नियमात बसतात. (मधली ओळ मघाशी म्हटलं ती: संगणकाला ४१, डोळ्याला १९ अक्षरं.) 'नाही'सारखा घातही झालेला नाही. तरीही पाटी वाईट आहे. वरची ओळ 'दिसणाऱ्या'वर संपते, आणि कोण दिसणारं ते कळत नाही. 'चंद्राच्या' हा पहिलाच शब्द ज्याची वाट बघतो ती 'बाजू' पाच शब्दांनी, दुसऱ्या ओळीत भेटते. पहिली पाटी संपली तरी काय घडलं ते कळत नाही, कारण क्रियापद दुसऱ्या पाटीच्या अगदी शेवटी आहे. म्हणजे वाचकाला पहिली पाटी पुसली गेल्यावरही ती डोक्यात धरून ठेवायची आहे.

इथे ओळी इकडेतिकडे सरकवून भागत नाही. वाक्याची बांधणीच बदलावी लागते, कारण एका नामाच्या डोक्यावर सगळी विशेषणं रचली आहेत. मराठी लेखी भाषेची ही जुनी खोड. बोलताना आपण असं कधीच बोलत नाही. आधी एक गोष्ट सांगतो, मग 'ती', 'तिचं' म्हणत पुढे जातो:

```
चंद्राची एक बाजू
पृथ्वीवरून कधीच दिसत नाही.

तिचं पहिलं छायाचित्र
१९५९ मध्ये मिळालं.

ते पाठवलं
सोव्हिएत संघाच्या लूना ३ यानानं.
```

घड्याळ लावून वाचलं तर मला मूळ वाक्याला नऊएक सेकंद लागले आणि या तीन पाट्यांना थांब्यांसकट अकराच्या आसपास. दोन सेकंद जास्त गेले. पण प्रत्येक पाटी पुसली जाताना वाचकाच्या हातात एक पूर्ण गोष्ट राहते. शेवटच्या पाटीत मी क्रियापद पुढे आणलं आहे. लेखात ते वावगं वाटेल, बोलण्यात नाही. शिवाय त्यामुळे यानाचं नाव शेवटी येतं, आणि ते चित्रात यान दिसण्याच्या क्षणाशी जुळवता येतं.

आकड्याकडे लक्ष द्या. '१९५९' डोळा एका दमात वाचतो, पण तोंडाला 'एकोणीसशे एकोणसाठ' म्हणायला दीडेक सेकंद लागतो. असा आकडा असलेल्या पाटीत वाचकाला उसंत मिळते. उलट आपलं गुपित आवाजाआधी फुटतं. उत्तर म्हणून आकडा सांगायचा असेल, तर प्रश्न एका पाटीत आणि आकडा पुढच्या पाटीत ठेवावा. निवेदकाच्या कागदावर आकडा अक्षरी आणि पाटीवर अंकी, एवढा एकच फरक मी दोन प्रतींत चालवून घेतो.

याच व्हिडिओतलं पुढचं वाक्य कारण सांगतं, आणि तिथे मराठी आपल्या मदतीला येते. 'जेवढा-तेवढा', 'जेव्हा-तेव्हा', 'जो-तो', 'जसं-तसं' या जोड्या म्हणजे वाक्यात आधीच घालून ठेवलेल्या बिजागऱ्या आहेत:

```
चंद्र स्वतःभोवती फिरायला
जेवढा वेळ घेतो,

तेवढाच वेळ त्याला
पृथ्वीभोवती फिरायला लागतो.

म्हणून त्याची एकच बाजू
आपल्याकडे राहते.
```

पहिली पाटी पूर्ण वाक्य नाही, पण ती फसवतही नाही. 'जेवढा' आला की 'तेवढा' येणार हे मराठी वाचकाला न सांगता कळतं, त्यामुळे तो निश्चिंतपणे पुढच्या पाटीची वाट पाहतो. पाटीत वाक्य पुरं व्हायलाच हवं असं नाही. अर्धं राहिलं तर ते अर्धं आहे हे दिसायला हवं, एवढंच.

## "असं लिहिलं तर भाषा तुटक होणार नाही का?"

होऊ शकते. प्रत्येक पाटीला पूर्णविराम दिला की पाढे म्हटल्यासारखं ऐकू येतं. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या तीन पाट्यांनंतर आणखी चार तशाच आल्या असत्या तर निवेदक कंटाळला असता आणि ते त्याच्या आवाजात उतरलं असतं.

पण ओळ तुटणं आणि वाक्य तुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 'जेवढा-तेवढा'चं वाक्य दोन पाट्यांवर पसरलं आहे आणि ऐकताना ते एकच वाक्य वाटतं. चार-चार पाट्यांची लांब वाक्यंही चालतात, फक्त त्यांची रचना मालगाडीसारखी हवी: एकामागून एक डबे, प्रत्येक डबा आपापल्या चाकांवर. धोका असतो तो डब्यांवर डबे रचलेल्या वाक्यात, कारण त्यातला खालचा डबा दिसेपर्यंत वरचे पेलून धरावे लागतात. लिहिताना मी मुद्दाम दोन आखूड पाट्यांनंतर एक पसरट वाक्य ठेवतो. निवेदकालाही मग आवाज खेळवायला जागा मिळते.

## "हे सगळं सॉफ्टवेअर करेलच की"

सॉफ्टवेअरला वेळ जुळवता येते, आणि ते ती चांगली जुळवतं. ओळ कुठे तोडायची हे मात्र बहुतेक वेळा ते लांबी बघून ठरवतं. पण त्याला आपला निर्णय कळवायचा एक सोपा मार्ग आहे, आणि त्यासाठी कोणतीही फाइल शिकायला लागत नाही. वरच्या नमुन्यांत मी तेच केलं आहे: एक एंटर म्हणजे त्याच पाटीतली पुढची ओळ, दोन एंटर म्हणजे नवी पाटी.

ही खूण मी शोधलेली नाही. सबटायटलच्या `.srt` या सर्वांत प्रचलित फाइलमध्येही रिकामी ओळ पाट्या वेगळ्या करते. तिथे प्रत्येक पाटीवर फक्त क्रमांक आणि वेळ येते:

```
4
00:00:11,200 --> 00:00:14,000
चंद्र स्वतःभोवती फिरायला
जेवढा वेळ घेतो,
```

म्हणजे संकलकाला तुमच्या संहितेत फक्त वरच्या दोन ओळी भरायच्या असतात. सेकंदानंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही, हे बघून ठेवा. `.vtt` नावाच्या भावंड फाइलमध्ये तिथे टिंब लागतं आणि एकीचं नाव बदलून दुसरी करायला गेलं की तिथेही अडतं. यूट्यूबवर वेळा नसलेला साधा मजकूरही चढवता येतो. त्या भाषेचा आवाज त्याला ओळखता येत असेल तर तो वेळा स्वतः बसवतो, आणि तिथेही रिकामी ओळ नवी पाटी सुरू करते.

## आडवा पडदा, उभा पडदा

एकच व्हिडिओ दोन आकारांत जाणार असेल तर कुठल्या मापानं लिहायचं? अरुंद मापानं. १० ते १२ अक्षरांचा अर्थपूर्ण तुकडा आडव्या पडद्यावर दुसऱ्या तुकड्याला जोडून एका ओळीत बसवता येतो. 'तिचं पहिलं छायाचित्र १९५९ मध्ये मिळालं.' ही आडव्या पडद्यावर एकाच ओळीची छान पाटी होते. उलट दिशेनं हे जमत नाही: रुंद मापानं लिहिलेली ओळ अरुंद पडद्यावर तुटेल तेव्हा ती कुठे तुटेल यावर आपला ताबा नसतो. माझ्या औषधाच्या वाक्याचं तेच झालं. आडव्या पडद्यावर ते अख्खं एका पाटीत बसलं होतं, म्हणून तपासताना कुणालाच काही खटकलं नाही.

मोठे शब्द मात्र दोन्हीकडे त्रास देतात. 'सांगितल्याशिवाय' हा एकच शब्द संगणकाच्या मोजणीनं १५ चा आहे. प्रत्यय एकावर एक चढलेले असे शब्द एका ओळीत दोन आले की उभ्या पडद्यावर ओळच भरून जाते. अशा वेळी मी क्रियापद मोकळं करतो: 'डॉक्टरांनी सांगितलं, तरच द्या.'

## तपासणी आणि जिथे हे चालत नाही

मी तपासणी दोनदा करतो. पहिल्यांदा कागदावर: एका पाटीखेरीज बाकी सगळं दुसऱ्या कागदानं झाकायचं आणि विचारायचं, एवढंच वाचून माणूस चुकीचं काही समजेल का? कंटाळवाणं काम आहे, पण 'नाही' आणि 'तर' इथेच सापडतात. दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रणानंतर. निवेदक चार शब्द बदलतो, एखादा 'म्हणजे' घालतो, भलत्या जागी थांबतो. त्याचं थांबणं पुष्कळदा माझ्यापेक्षा बरोबर असतं. त्यामुळे मुद्रण ऐकत ऐकत संहिता पुन्हा लिहायची, ओळी त्याच्या श्वासाप्रमाणे हलवायच्या आणि तीच प्रत संकलकाला द्यायची. मूळ प्रत दिली तर पाटीवर एक आणि कानावर दुसरं असा प्रकार होतो.

दोन माणसं एकमेकांना तोडत बोलतात अशा प्रसंगात ही पद्धत फारशी उपयोगी नाही. तिथे श्वास कुणाचाच पुरा होत नाही, आणि संहितेत आखलेल्या ओळी पहिल्या मिनिटातच मोडतात. मुलाखतीचंही तेच. उत्तर देणारा आपली संहिता वाचत नसतो, त्याचं बोलणं मुद्रणावरून उतरवूनच तोडावं लागतं. मी अशा व्हिडिओत फक्त निवेदनाचा भाग आधी पाट्यांत लिहितो आणि बाकी पानं कोरी सोडतो.